थेवेनिन आणि सुपरपोझिशन: एकाच सर्किटची दोन उत्तरे जुळत नाहीत

नवशिका

नमस्कार. पदविकेच्या पहिल्या वर्षाच्या असाइनमेंटमधील एक गणित दोन पद्धतींनी सोडवायचे आहे आणि माझी दोन उत्तरे जुळत नाहीत. आकृती येथे चढत नसल्याने सर्किट शब्दांत लिहितो.

२० व्होल्टच्या सोर्सचे धन टोक ४ ओहमच्या रोधातून नोड ‘अ’ला जोडलेले आहे आणि ऋण टोक ग्राउंडला आहे. ‘अ’पासून ग्राउंडपर्यंत १२ ओहमचा रोध आहे. ग्राउंडकडून ‘अ’मध्ये २ अँपिअर ढकलणारा एक करंट सोर्सही तेथेच जोडलेला आहे. ‘अ’पासून ३ ओहमचा रोध नोड ‘ब’कडे जातो आणि ‘ब’ व ग्राउंड यांच्यामध्ये ६ ओहमचा लोड आहे. लोडमधला करंट काढायचा आहे.

थेवेनिनने मला १.७५ अँपिअर मिळाले. सुपरपोझिशनने मात्र असे झाले: आधी करंट सोर्स काढून टाकला, तेव्हा २० व्होल्टमुळे लोडमध्ये १.२५ अँपिअर आले. नंतर २० व्होल्टचा सोर्स काढून टाकला, तेव्हा ४ ओहमचा रोध एका टोकाने लोंबकळत राहिला, म्हणून त्यातून काहीच वाहत नाही असे धरले आणि २ अँपिअर हे १२ ओहम व ९ ओहम यांत वाटले. लोडच्या वाट्याला १.१४३ आले. बेरीज २.३९३ अँपिअर होते. दोन्हींपैकी कोणते चुकले आहे हे मला कळत नाही, कारण आकडेमोड दोनदा तपासली आहे.

ओहमकार

माझ्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. मी सर्किट सिम्युलेटरमध्ये घातले, तर लोडवर ६.८५७ व्होल्ट दिसतात, म्हणजे करंट १.१४३ अँपिअर. तुमच्या दुसऱ्या भागाचा आकडा हाच आहे, तेव्हा कदाचित २० व्होल्टच्या सोर्सचा लोडवर परिणामच होत नसावा. फाईल खाली देतो, कोणीही चालवून पाहावी.

```
V1 1 0 20
R1 1 2 4
R2 2 0 12
I1 0 2 2
R3 2 3 3
RL 3 0 6
.op
.end
```

तारयंत्री

ओहमकार, सोर्सचा परिणामच होत नाही हा निष्कर्ष इतक्या घाईने काढू नये. ‘अ’ला ग्राउंडशी जोडणाऱ्या तीन वाटा आहेत आणि त्यांपैकी एका वाटेत २० व्होल्ट बसलेले आहेत, लोडवर त्यांचा काहीच परिणाम होणार नसेल तर त्याला काहीतरी कारण असायला हवे, आणि तसे कारण या सर्किटमध्ये कोठेही नाही. फाईलकडे नंतर पाहू.

नवशिका, तुमचे थेवेनिनचे उत्तर बरोबर आहे. सुपरपोझिशनमध्ये तुम्ही ‘काढून टाकला’ हा एकच शब्द दोन्ही सोर्सना लावलात आणि सगळा घोटाळा तेथेच झाला. सोर्स बंद करणे म्हणजे त्याचे मूल्य शून्य करणे. ज्याचा करंट शून्य आहे असा करंट सोर्स म्हणजे तुटलेली तार, म्हणून तो उपटून काढला तरी चालते आणि तुमचा पहिला भाग त्यामुळेच बरोबर आला. ज्याचे व्होल्टेज शून्य आहे असा व्होल्टेज सोर्स मात्र साधी तार असतो. तो उपटला की त्या दोन टोकांमध्ये वाटेल तेवढे व्होल्टेज राहू शकते, आणि मग तुम्ही शून्य व्होल्टचा सोर्स ठेवलेला नसून वेगळेच सर्किट सोडवत असता.

आता दुसरा भाग पुन्हा करू. २० व्होल्टच्या जागी तार ठेवली की ४ ओहमचे मोकळे टोक ग्राउंडला लागते, म्हणून ‘अ’पासून ग्राउंडपर्यंत ४ आणि १२ समांतर होतात, म्हणजे ३ ओहम. दुसऱ्या बाजूला लोडची शाखा ३ अधिक ६, म्हणजे ९ ओहम. २ अँपिअर या दोहोंत वाटले जातात:

```
I'' = 2 × 3/(3 + 9) = 0.5 A
I'  = 1.25 A
I   = 1.25 + 0.5 = 1.75 A
```

दोन्ही प्रवाह ‘ब’कडून ग्राउंडकडे जातात, म्हणून बेरीज. करंट सोर्सचा बाण उलटा असता तर दुसरा आकडा वजा झाला असता. प्रत्येक भाग सुरू करण्यापूर्वी लोडवर एकच बाण काढून ठेवावा आणि दोन्ही भागांत तोच पाळावा. मी तपासलेल्या वह्यांमध्ये चिन्हांचा गोंधळ बहुतेक वेळा बाण मध्येच बदलल्यामुळे झालेला असे.

थेवेनिनच्या पायऱ्याही येथे लिहून ठेवतो, कारण तुम्ही फक्त उत्तर दिले आहे आणि तपासणारा पायऱ्यांना गुण देतो. लोड काढला की ३ ओहममधून काहीच वाहत नाही, म्हणून ‘ब’चे व्होल्टेज हे ‘अ’चेच व्होल्टेज. ते V मानले, तर ‘अ’ येथे आत येणारे आणि बाहेर जाणारे सारखे:

```
(20 - V)/4 + 2 = V/12
V = 21 V
Rth = 3 + (4 || 12) = 3 + 3 = 6 ohm
I = 21/(6 + 6) = 1.75 A
```

V चे मूल्य सोर्सच्या २० व्होल्टपेक्षा जास्त आले म्हणून दचकू नका. २ अँपिअरचा सोर्स आपला करंट ढकलण्यासाठी लागेल तेवढे व्होल्टेज स्वतःवर घेतो, आणि लोड काढलेला असताना २० व्होल्टच्या सोर्समध्ये पाव अँपिअर उलटा शिरत असतो.

थेवेनिन रोधाची पडताळणी न करता वही मिटू नये. ‘ब’ ग्राउंडला शॉर्ट करा: आता ‘अ’पासून ग्राउंडपर्यंत ३ ओहमची आणखी एक वाट मिळते, समीकरण सोडवले की V साडेदहा येतो आणि शॉर्टमधून ३.५ अँपिअर वाहतात. २१ भागिले ३.५ बरोबर ६. या वाटेने जाताना एकही सोर्स बंद करावा लागत नाही, म्हणून सोर्स चुकीच्या रीतीने बंद केला असेल तर तो येथे लगेच पकडला जातो. समजा थेवेनिन रोध काढतानाही तुम्ही व्होल्टेज सोर्स उपटला असता, तर ३ अधिक १२, म्हणजे १५ ओहम आले असते आणि ६ शी जुळले नसते.

केतकी

सिम्युलेटरचे कोडे सोपे आहे. स्पाइसच्या फाईलमधली पहिली ओळ शीर्षक म्हणून धरली जाते आणि तिच्यातला मजकूर वाचलाच जात नाही. ओहमकार यांच्या फाईलमध्ये पहिल्याच ओळीत V1 आहे, म्हणजे २० व्होल्टचा सोर्स सर्किटमध्ये आलाच नाही आणि R1 एका टोकाने लोंबकळत राहिला. नवशिका यांनी कागदावर जे केले तेच सिम्युलेटरने फाईलमध्ये केले, म्हणून आकडाही तोच आला. वरती एक रिकामी किंवा नावाची ओळ घातली की लोडवर साडेदहा व्होल्ट दिसतील.

ओहमकार, I1 ची दिशा मात्र तुम्ही बरोबर लिहिली आहे. तेथे आधी ज्या नोडमधून करंट निघतो तो आणि मग ज्यात शिरतो तो, असा क्रम असतो. अनेक जण तो उलटा लिहितात.

ओहमकार

केतकी, धन्यवाद. वर एक ओळ घातली आणि १.७५ आले. तरीही एक सांगतो, परीक्षेत सुपरपोझिशन वापरूच नये असे माझे मत आहे. दोन सोर्स असतील तर सर्किट दोनदा सोडवावे लागते आणि चुका दुप्पट होतात. नोड पद्धतीने एका समीकरणात काम होते.

तारयंत्री

वेळेच्या दृष्टीने हे मला मान्य आहे, पण प्रश्नात पद्धतीचे नाव दिलेले असेल तर पर्याय राहत नाही. शिवाय नोड पद्धत एकच आकडा देते. त्यातले २० व्होल्टमुळे किती आणि करंट सोर्समुळे किती हे सांगत नाही. उद्या कोणी विचारले की करंट सोर्स २ ऐवजी ५ अँपिअरचा केला तर काय होईल, तर सुपरपोझिशन केलेला माणूस तोंडी सांगेल: अर्ध्याच्या जागी सव्वा, म्हणून एकूण अडीच.

नवशिका

सर, खूप आभार. आता दुसरा भाग सर्वांना आला. याच गणिताचा पुढचा उपप्रश्न असा आहे: ‘सुपरपोझिशन वापरून लोडमधील शक्ती काढा.’ मी प्रत्येक भागाची शक्ती काढून बेरीज केली तर १०.८७५ वॅट येते आणि थेट १.७५ वापरले तर १८.३७५ वॅट. एवढा फरक आकडेमोडीचा नसावा.

ओहमकार

हे मला पक्के माहीत आहे. शक्तीला सुपरपोझिशन कधीच लागू होत नाही. १८.३७५ लिहा.

तारयंत्री

१८.३७५ लिहा हे बरोबर आहे. पण फरक कोठून आला तेही वहीत लिहिले तर बरे. शक्ती करंटच्या वर्गावर अवलंबून असते, आणि बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज नव्हे. मधले पद राहून जाते:

```
6 × (1.25)^2        = 9.375 W
6 × (0.5)^2         = 1.5 W
2 × 6 × 1.25 × 0.5  = 7.5 W
                 एकूण 18.375 W
```

तुमच्या बेरजेत हरवलेले साडेसात वॅट ते हेच. करंट सोर्स उलटा जोडला असता तर हेच पद वजा झाले असते आणि भागांची बेरीज खऱ्या शक्तीपेक्षा जास्त दिसली असती: लोडमध्ये ०.७५ अँपिअर, म्हणजे ३.३७५ वॅट. प्रश्नात ‘सुपरपोझिशन वापरून’ असे लिहिले आहे, त्याचा अर्थ करंट सुपरपोझिशनने काढा आणि वर्ग शेवटी एकदाच करा असा घ्यावा.

केतकी

ओहमकार यांच्या ‘कधीच’ला माझी हरकत आहे. दोन सोर्स वेगवेगळ्या वारंवारतेचे असतील, उदाहरणार्थ एक डीसी आणि एक ५० हर्ट्झचा, तर ते मधले पद क्षणोक्षणी चिन्ह बदलते आणि पुरेशा काळाच्या सरासरीत शून्य होते. मग सरासरी शक्तींची बेरीज अगदी बरोबर येते. ध्वनीच्या किंवा पॉवर सप्लायच्या कामात हे रोज वापरले जाते. एकाच वारंवारतेच्या दोन सोर्ससाठी मात्र हे साधारणपणे चालत नाही, आणि दोन डीसी सोर्स म्हणजे दोन्ही शून्य हर्ट्झचेच.

ओहमकार

बरे, ‘डीसीमध्ये कधीच’ असे वाचावे.

बांधावरचा

मी विद्यार्थी नाही, शेतकरी आहे, पण ‘दोन उत्तरे जुळत नाहीत’ हे शीर्षक पाहून लिहितो. माझ्या विहिरीवरच्या स्टार्टरपाशी मोटर बंद असताना मीटर २२८ दाखवतो आणि सिंगल फेजची मोटर चालू केली की २०४. वायरमन म्हणतो मीटर खराब आहे. दोन मीटर लावून पाहिले, दोन्ही तेच दाखवतात. मग यातले खरे व्होल्टेज कोणते?

तारयंत्री

तुमचा प्रश्न या गणिताहून निराळा आहे, पण उत्तर थेवेनिनच्या घरातलेच आहे. दोन्ही रीडिंग खरी आहेत आणि मीटर ठीक आहे. २२८ हे ओपन सर्किट व्होल्टेज. मोटर करंट ओढू लागली की तो करंट रोहित्रापासून विहिरीपर्यंतच्या सगळ्या तारांमधून आणि जोडांमधून येतो आणि वाटेत २४ व्होल्ट खर्च होतात. मोटर समजा १० अँपिअर घेत असेल, तर स्टार्टरच्या टोकांवरून मागे पाहिले असता पुरवठा म्हणजे २२८ व्होल्ट आणि त्याच्या मागे सुमारे २.४ ओहम, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

ढोबळमानाने अशासाठी म्हणतो, की मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे मीटरवरच्या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी नेमकी लागू पडत नाही. त्याच ठिकाणी पाणी तापवायचा दोन किलोवॅटचा हीटर लावून मोजले तर आकडा जास्त विश्वासार्ह येईल, २.४ ओहम खरे असतील तर हीटर सुमारे ८ अँपिअर घेईल आणि मीटर २०९ च्या आसपास उतरेल. दुसरे म्हणजे त्याच रोहित्रावर शेजाऱ्यांच्या मोटरी सुरू-बंद होत असतात, म्हणून २२८ हा आकडाही स्थिर नसतो. लागोपाठ चार-सहा वेळा बंद-चालू रीडिंग घ्या आणि फरक पाहा.

वर मी नवशिका यांना शॉर्ट करून पडताळा असे सांगितले आहे, ते फक्त कागदावर. तुमच्या टोकांवर शॉर्ट केला तर २.४ ओहमच्या हिशेबाने ९५ अँपिअर वाहतील. हा प्रयोग कोणीही करू नये.

बांधावरचा

शॉर्ट करण्याइतका मी वेडा नाही, सर. पण २.४ ओहम हे जास्त आहेत की ठीक, आणि ते तारेत आहेत की जोडात, हे कसे कळावे?

केतकी

मोटर चालू असताना आधी घरच्या मीटरपेटीपाशी आणि मग विहिरीवर, असे दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. पेटीपाशी २२४ आणि विहिरीवर २०४ असेल तर वीस व्होल्ट तुमच्या स्वतःच्या केबलमध्ये आणि तिच्या जोडांमध्ये जात आहेत. पेटीपाशीच २०६ असेल तर तुमची केबल ठीक आहे, बाकीचे अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूला आहे. केबलमध्येच जात असतील तर तिची लांबी आणि जाडी येथे लिहा. त्यावरून तारेचा रोध हिशेबाने निघतो आणि उरलेला जोडांचा. पेटी उघडून मोजायचे असेल तर ते जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

नवशिका

आता शेवटचा उपप्रश्न, जो वर्गात कोणालाच आलेला नाही. सर्किट तेच, फक्त २ अँपिअरच्या जागी परावलंबी करंट सोर्स आहे. ४ ओहममधून ‘अ’कडे जाणारा करंट i1 असेल तर हा सोर्स ‘अ’मध्ये 2·i1 एवढा करंट ढकलतो. ‘ब’ आणि ग्राउंड यांच्यातून दिसणारे थेवेनिन सर्किट काढायचे आहे. मी सोर्स बंद करून पुन्हा ६ ओहम काढले, पण ओपन आणि शॉर्टचा भागाकार ४.२ येतो. आपण सांगितलेली पडताळणी केली नसती तर ६ लिहून मोकळा झालो असतो.

तारयंत्री

४.२ बरोबर आहे. परावलंबी सोर्सचे मूल्य सर्किटमधल्या दुसऱ्या राशीवर टांगलेले असते, ते आपल्या इच्छेने शून्य करता येत नाही. i1 जोपर्यंत वाहतो तोपर्यंत तो सोर्स जिवंत आहे. थेवेनिन रोध काढताना २० व्होल्टच्या जागी तार ठेवायची, परावलंबी सोर्स तसाच राहू द्यायचा, आणि ‘ब’पाशी बाहेरून चाचणीचा करंट ढकलून किती व्होल्टेज येते ते पाहायचे.

तार ठेवल्यावर ‘अ’चे व्होल्टेज V असेल तर i1 बरोबर –V/4, कारण आता करंट ‘अ’कडून उलटा ग्राउंडकडे जातो. बाहेरून येणारा करंट It मानला तर:

```
It + i1 + 2·i1 = V/12
It = V/12 + 3V/4 = 10V/12
V/It = 1.2 ohm
Rth = 1.2 + 3 = 4.2 ohm
```

ओपन सर्किट व्होल्टेज काढताना ‘अ’वर i1 आणि 2·i1 मिळून तीनपट करंट येतो:

```
3(20 - V)/4 = V/12
V = 18 V
```

तेव्हा i1 अर्धा अँपिअर, सोर्सकडून एक, एकूण दीड, आणि १२ ओहममधून १८ भागिले १२ म्हणजे दीडच. जुळले. ६ ओहमचा लोड लावला तर १८ भागिले १०.२, म्हणजे १.७६५ अँपिअर. तुमच्या ६ ओहमने दीड अँपिअर आले असते. दोन्ही आकडे पटण्यासारखे दिसतात, म्हणूनच ही चूक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

याच कारणाने या उपप्रश्नात सुपरपोझिशन लावायचे असते तर २० व्होल्ट हा एकच स्वतंत्र सोर्स आहे आणि भाग एकच होतो. परावलंबी सोर्सचा वेगळा भाग करू नये.

केतकी

सर, येथे माझे थोडे वेगळे मत आहे. परावलंबी सोर्सचाही वेगळा भाग करता येतो, मात्र त्याचे मूल्य 2·i1 असे लिहून i1 हा पूर्ण सर्किटमधला, खरा i1 धरायचा. या सर्किटवर करून दाखवते. फक्त २० व्होल्टमुळे ‘अ’वर १५ व्होल्ट. फक्त 2·i1 एवढ्या करंटमुळे, ४ आणि १२ समांतर असताना, ३ × 2·i1, म्हणजे 6·i1. i1 साठीही तसेच:

```
V  = 15 + 6·i1
i1 = 20/16 - (12/16)·2·i1 = 1.25 - 1.5·i1
i1 = 0.5 A,  V = 18 V
```

उत्तर तेच आले. मोठ्या सर्किटमध्ये अशा रीतीने लिहिले की कधी कधी समीकरणे बरीच लहान होतात.

तारयंत्री

गणित निर्दोष आहे आणि मी ते खोटे म्हणणार नाही. पण तुमच्या दुसऱ्या भागात २० व्होल्ट बंद आहेत आणि तरीही i1 अर्धा अँपिअर धरलेला आहे, जो त्या भागात प्रत्यक्ष वाहतच नाही. विद्यार्थी तेथे हटकून भागातला i1 घालतो. प्रत्येक भागातला i1 आणि पूर्ण i1 वेगळ्या चिन्हांनी लिहिण्याची शिस्त असेल तरच हे करावे. शिवाय पुस्तकी नियमाने तपासणारा परीक्षक हे चूक ठरवण्याची शक्यता बरीच आहे.

केतकी

चिन्हांची शिस्त हवी हे मान्य. पण बरोबर गणिताला परीक्षक चूक ठरवेल म्हणून ते शिकवायचेच नाही, हे मला पटत नाही.

तारयंत्री

येथे आपले मतभेद राहू द्यावेत. नवशिका यांनी असाइनमेंटमध्ये एकाच भागाची पद्धत लिहावी असा माझा सल्ला आहे.

नवशिका

एकाच भागाची लिहिली आहे. पण एक गंमत सांगतो. मित्राने परावलंबी सोर्सचा बाण चुकून उलटा घेतला, म्हणजे सोर्स ‘अ’मधून 2·i1 बाहेर ओढतो. त्याला ओपन सर्किट व्होल्टेज ३० आणि थेवेनिन रोध वजा ३ ओहम मिळाला. रोध ऋण येऊच शकत नाही असे म्हणून त्याने सगळे खोडले. त्याची आकडेमोड मी पुन्हा केली, मला तेच आले.

ओहमकार

ऋण रोध म्हणजे नक्की चूक. कोठेतरी चिन्ह सुटले आहे.

तारयंत्री

असाइनमेंटच्या दृष्टीने बाण उलटा घेणे ही चूक आहे, पण त्या उलट्या सर्किटसाठी वजा ३ हे उत्तर बरोबर आहे. फक्त रोध आणि स्वतंत्र सोर्स असतील तर थेवेनिन रोध ऋण येत नाही, आणि तो आला तर खुशाल चूक शोधावी. परावलंबी सोर्स असेल तेव्हा ही खात्री राहत नाही, कारण तो स्वतः ऊर्जा पुरवू शकतो. ६ ओहमचा लोड लावला तर ३० भागिले ३, म्हणजे १० अँपिअर येतात. ‘अ’वर मग ९० व्होल्ट, i1 वजा साडेसतरा, परावलंबी सोर्सकडून अधिक ३५, आत येणारे साडेसतरा आणि बाहेर जाणारे साडेसात अधिक दहा. नोडचे समीकरण तंतोतंत जुळते.

केतकी

समीकरण जुळते, पण असे सर्किट खरोखर बांधले तर ते ९० व्होल्टवर थांबेल का, हा प्रश्न उरतो. ‘अ’ आणि ग्राउंड यांच्यामध्ये छोटासा कपॅसिटर धरा, तारांमुळे तो असतोच. ६ ओहमचा लोड असताना ‘अ’ ९० वरून जरा वर सरकला तर नोडमध्ये येणारा जादा करंट बाहेर जाणाऱ्या जादा करंटपेक्षा मोठा होतो, आणि व्होल्टेज परत येण्याऐवजी पळत सुटते. माझ्या हिशेबाने लोड ३ ओहमपेक्षा कमी असेल तरच ते स्थिरावते, आणि नेमके ३ ओहम असताना डीसीचे उत्तरच मिळत नाही.

ओहमकार

सिम्युलेटर मात्र ६ ओहमला शांतपणे १० अँपिअर दाखवतो आहे. पळत सुटलेले काही दिसत नाही.

केतकी

कारण .op मध्ये काळ नसतो, ते फक्त समीकरण सोडवते. ‘अ’वर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, सुरुवातीचे व्होल्टेज ९० ऐवजी ९१ द्या आणि काही मिलिसेकंदांचे .tran चालवून पाहा. uic लिहायला विसरू नका, नाहीतर ते आधी .op चेच उत्तर शोधून तेथून सुरुवात करेल.

ओहमकार

आज रात्री चालवतो. पहिली ओळ या वेळी रिकामी ठेवली आहे.